सलून, पार्लर आणि दुरुस्तीच्या दुकानाचे दरपत्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे काम डीटीपीचे आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुके यांच्या जोडीने तालुक्यातील सलून, पार्लर आणि गॅरेज यांची दरपत्रकेही आमच्याकडे येतात. बहुतेक वेळा ती वहीच्या पानाच्या फोटोवरून येतात आणि तेच ते प्रश्न सोबत घेऊन येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांतील दर मांडणी समजावी एवढ्यापुरतेच घेतले आहेत. ते बाजारभाव समजू नयेत.

१. दरपत्रक करायला घेतले आहे. सुरुवात कोठून करावी?

संगणकापासून करू नये. गेल्या दोन-तीन महिन्यांची बिलबुके किंवा रोजची वही काढावी आणि तुम्ही प्रत्यक्षात ज्या ज्या कामाचे पैसे घेतले, ते प्रत्येक काम वेगळ्या चिठ्ठीवर दरासह लिहावे. आठवणीतून यादी केली की दोन चुका हमखास होतात. रोज होणारे पण किरकोळ वाटणारे काम राहून जाते (पार्लरमध्ये बहुधा फोरहेड, गॅरेजमध्ये हवा आणि चेनला ऑइल), आणि कोर्समध्ये शिकलेले पण वर्षभरात एकदाही न केलेले काम दिमाखात यादीत बसते.

चिठ्ठ्या टेबलावर पसरल्यावर एकाच कामाच्या दोन चिठ्ठ्या दोन दरांच्या निघतात. त्या निघायलाच हव्यात, कारण तो फरक का पडला याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते आणि पुढची सगळी मांडणी त्या उत्तरावर उभी राहते. केस लांब होते, गाडी मोठी होती, ओळखीचे होते, घरी जाऊन काम केले, यांपैकी पहिली दोन कारणे दरपत्रकात जातात. तिसरे कधीही जात नाही. चौथ्यासाठी प्रश्न १४ पाहा.

२. सेवांचे गट कशाच्या आधारे पाडावेत?

ग्राहक दारात उभा राहून पहिला शब्द कोणता उच्चारतो, त्या आधारे. तुम्ही कोणते यंत्र, कोणती खुर्ची किंवा कोणत्या कंपनीचे साहित्य वापरता हा तुमच्या सोयीचा विषय आहे. गट पाडताना त्याचा उपयोग होत नाही.

एका पार्लरच्या ताईंनी आणलेली यादी या बाबतीत बोलकी होती. आयब्रो, फ्रूट फेशियल, हेअर कट, फुल हँड वॅक्स, ब्लीच, फोरहेड, यू कट, मेंदी, गोल्ड फेशियल, हाफ लेग वॅक्स अशा एकूण ३१ ओळी होत्या आणि त्यांच्या क्रमाचा अर्थच लागेना. विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, जसजसा एकेक कोर्स केला तसतशा ओळी खाली वाढत गेल्या." म्हणजे ती यादी त्यांच्या शिक्षणाचा इतिहास होती. फोरहेड आयब्रोपासून पाच ओळी दूर असल्यामुळे दोन्ही करून घ्यायला आलेल्या मुलीला बेरजेसाठी पाटीवर दोनदा शोध घ्यावा लागत होता, आणि अर्थातच ती शोध न घेता ताईंनाच विचारत होती.

त्या ३१ ओळींचे पाच गट झाले: थ्रेडिंग, वॅक्सिंग, केस, चेहरा, हात-पाय. "केस" या नावाखाली कटिंग, स्पा, मेंदी आणि रूट टच-अप हे सर्व आले, कारण ग्राहक "केसांचं काहीतरी करायचंय" असेच म्हणतो. थ्रेडिंगही चेहऱ्याचेच असते. तरीही ते वेगळे ठेवले, कारण त्यासाठी येणारा ग्राहक वेगळा, घाईत असलेला आणि संख्येने सर्वांत जास्त असतो. तर्कशुद्ध वर्गीकरणापेक्षा ही वहिवाट महत्त्वाची मानावी.

एका गटात दोनच ओळी उरत असतील तर तो गट मोडून शेजारच्या गटात मिसळावा. दहाच्या वर ओळी झाल्या तर गट फोडावा. "इतर सेवा" हा गट मात्र करू नये. त्यात टाकलेली ओळ कोणीही वाचत नाही.

३. एकच सेवा दोन गटांत बसते. दोन्हीकडे लिहावी का?

नाही. हातांचे वॅक्सिंग "वॅक्सिंग"मध्येही बसते आणि "हात-पाय"मध्येही, परंतु ते एकदाच, पहिल्या गटात लिहावे. कसोटी प्रश्न २ मधीलच, ग्राहकाच्या पहिल्या शब्दाची. दोन ठिकाणी लिहिलेला दर पुढच्या वाढीच्या वेळी एकाच ठिकाणी बदलला जातो. मग ग्राहक स्वस्त ओळीवर बोट ठेवतो, आणि त्याचे बरोबर असते.

४. गटाच्या आत ओळींचा क्रम कसा असावा?

लहान कामाकडून मोठ्या कामाकडे. थ्रेडिंगमध्ये आयब्रो, अप्पर लिप, फोरहेड आणि शेवटी फुल फेस. वॅक्सिंगमध्ये अंडरआर्म्स, अर्धे हात, पूर्ण हात, अर्धे पाय, पूर्ण पाय. असा क्रम लावला की दरही बहुतांशी वरून खाली चढत जातात आणि वाचणाऱ्याला पुढच्या आकड्याचा अंदाज येत राहतो. थ्रेडिंगमध्ये अप्पर लिप आयब्रोपेक्षा स्वस्त असते, तरी आयब्रो पहिली ठेवावी, कारण दहांपैकी आठ जणी तीच शोधत असतात.

या क्रमाचा दुसरा उपयोग तुमच्यासाठी आहे. कामे आकारानुसार लावल्यावर एखादा दर मध्येच खाली आला, तर तो दर जुना राहून गेलेला असतो. वर सांगितलेल्या यादीत क्लीन-अप ३५० आणि त्याखाली फ्रूट फेशियल ३०० असे निघाले. फेशियलमध्ये क्लीन-अपचे सर्व टप्पे येतात आणि वर मसाज व पॅक असतो. म्हणजे मोठे काम कमी पैशात होत होते. दोन वर्षांपूर्वी क्लीन-अपचा दर वाढवला आणि फेशियलचा राहिला, असा उलगडा वहीतून झाला. विस्कळीत यादीत हे दोन आकडे बारा ओळींच्या अंतरावर होते, त्यामुळे ते कोणाच्याच डोळ्यावर आले नव्हते.

५. केसांच्या लांबीनुसार दर बदलतो. "१५० पासून पुढे" असे लिहिले तर चालते ना?

चालते, पण ते दर सांगत नाही. "१५० पासून" वाचणाऱ्या ग्राहकाच्या मनात १५० बसतात आणि बिल ३०० झाले की खुर्चीवरून उठताना कुरबुर होते. शिवाय "पासून" हा शब्द आकड्याच्या मागे आला की त्या ओळीचा आकडा इतरांच्या रांगेतून डावीकडे सरकतो. माझा अनुभव असा की, आकडे रांगेत बसत नाहीत तेव्हा चूक बहुधा संगणकाची नसते. त्या जागी दर अजून पक्का ठरलेला नसतो.

येथे उपाय स्तंभांचा आहे. दर ज्या कारणाने बदलतो ते कारण स्तंभाच्या डोक्यावर लिहावे, आणि ते ग्राहकाला आरशात स्वतः पाहून ठरवता येईल असे असावे. "मध्यम केस" म्हणजे किती, यावर वाद होतो. "खांद्यापर्यंत" यावर होत नाही.

| केस | खांद्यापर्यंत | कमरेपर्यंत |
|---|---:|---:|
| सरळ कट | १५० | २०० |
| यू कट | २०० | २५० |
| लेयर कट | ३०० | ४०० |
| हेअर स्पा | ५०० | ८०० |
| मेंदी लावणे | २५० | ४०० |

केसांसाठी दोन स्तंभ पुरतात, तीन फार झाले. खांदा आणि कंबर यांच्या मधल्या केसांना कोणता दर लावायचा हे आधीच ठरवून तळाशी एका वाक्यात लिहावे, उदाहरणार्थ "खांद्याच्या खाली गेलेल्या केसांना दुसरा दर लागू." रंग लावण्याच्या कामात ट्यूब किती लागतील यावर खर्च ठरतो, म्हणून तेथे स्तंभ न करता "एका ट्यूबपर्यंत" असा दर लिहून पुढच्या प्रत्येक ट्यूबचा दर वेगळ्या ओळीत द्यावा.

६. वर्डमध्ये स्पेसबार दाबून दर एकाखाली एक आणतो, पण ते कधीच सरळ येत नाहीत. काय चुकते?

स्पेसबारच चुकतो. छपाईच्या अक्षरांची रुंदी सारखी नसते; "आयब्रो" आणि "फुल फेस" यांनी वेगवेगळी जागा घेतली की उरलेली जागा ठरावीक रुंदीच्या स्पेसने तंतोतंत भरत नाही. एक स्पेस कमी पडते आणि दुसरी जास्त होते. पडद्यावर कसेबसे जुळवले तरी अक्षराचा आकार बदलला की सगळे पुन्हा हलते.

उजवा टॅब लावावा. आधी फाइलमध्ये सेवा आणि दर यांच्यामधील सर्व स्पेस काढून टाकून तेथे `Tab` ही कळ एकदाच दाबावी. मग सर्व ओळी निवडून उजवे क्लिक करावे, `Paragraph` उघडावे आणि खालच्या `Tabs…` या बटणावर जावे. `Tab stop position` मध्ये `12 cm` लिहावे, `Alignment` मध्ये `Right` आणि `Leader` मध्ये `2 .....` निवडावे, `Set` दाबावे आणि `OK` करावे. आता प्रत्येक दराचा शेवटचा अंक बारा सेंटिमीटरवर येऊन थांबतो, एकक एककाखाली आणि शतक शतकाखाली बसते, आणि मधली जागा टिंबांनी आपोआप भरते.

ए-४ कागदावर नेहमीचे समास सोडून जवळजवळ सोळा सेंटिमीटर रुंदी मिळते; तरी टॅब बारावरच ठेवायला मी सांगतो. सेवेचे नाव आणि दर यांच्यात जितके अंतर जास्त, तितकी नजर वरच्या किंवा खालच्या ओळीवर घसरते. टिंबे त्यासाठीच असतात, पण टिंबांपेक्षा जवळ आणलेला दर बरा.

दोन दर-स्तंभ असतील (प्रश्न ५) तर १० आणि १३ सेंटिमीटरवर असे दोन उजवे टॅब लावता येतात, परंतु अशा वेळी कडा नसलेला तक्ता करून दराचे रकाने उजवीकडे जुळवणे अधिक सोपे जाते. दुसऱ्याने करून दिलेली फाइल नीट आहे का हे पाहण्यासाठी `Ctrl+Shift+8` दाबावे. सेवा आणि दर यांच्यामध्ये एकच बाण दिसला तर टॅब आहे. बारीक ठिपक्यांची लांब रांग दिसली तर तो स्पेसबारचा उद्योग आहे.

७. आकडे मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

दोन्ही चालतील, पण एका पाटीवर एकच लिपी असावी. याचे कारण भाषाभिमानाचे नाही, वाचण्याचे आहे. देवनागरी १ दुरून इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ हा इंग्रजी आठसारखा. एका ओळीत मराठी आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजी आकडे असले की घाईत वाचणारा ४० ला ८० समजू शकतो, आणि तो मुद्दाम चूक काढतो आहे असेही म्हणता येत नाही.

मराठी आकडे घेतल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. निवडलेल्या फॉन्टमध्ये १११ आणि त्याखाली ८८८ टंकून पाहावे. दोन्हींची रुंदी सारखी आली तर तो फॉन्ट दरपत्रकासाठी उत्तम. १११ आखूड आले तर उजवी कड जुळेल, पण दशक-शतक किंचित इकडेतिकडे होतील. दुसरे, कलाकुसरीच्या फॉन्टमध्ये १ आणि ९ यांतील फरक पुसट असतो. तो फॉन्ट दुकानाच्या नावासाठी ठेवावा.

८. प्रत्येक दराच्या पुढे "रु." आणि मागे "/-" लिहिणे आवश्यक आहे का?

नाही. "/-" ही पावतीवरची आणि चेकवरची सवय आहे. तेथे आकड्यामागे कोणी आणखी अंक वाढवू नये म्हणून रेघ मारतात. छापील पाटीवर कोणी अंक वाढवणार नसतो. तीस ओळींवर तीस वेळा "रु." आणि तीस वेळा "/-" आले की पाटीवर आकड्यांपेक्षा चिन्हांचीच गर्दी दिसते.

स्तंभाच्या डोक्यावर "दर (₹)" असे एकदा लिहिले की पुरते. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसते आणि त्या जागी रिकामी चौकट उमटते. तसे झाले तर निःसंकोच "दर (रु.)" लिहावे. हजाराच्या पुढच्या आकड्यांत स्वल्पविराम द्यायचा (१,२००) की नाही ते एकदा ठरवून सगळीकडे तसेच ठेवावे.

९. संगणकावर सरळ दिसणारे दर फ्लेक्सवर वाकडे आले, अक्षरेही बदलली. असे का झाले?

तुमचा फॉन्ट छपाईवाल्याच्या संगणकावर नव्हता. त्या संगणकाने दुसरा फॉन्ट घातला, अक्षरांची रुंदी बदलली आणि स्पेसने जुळवलेले सर्व दर सुटले. उजव्या टॅबने लावलेले दर यातूनही बहुधा सरळ राहतात, पण जोडाक्षरे आणि मात्रा बिघडायच्या त्या बिघडतातच. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर पूर्णपणे निरर्थक अक्षरांत उतरतो.

म्हणून वर्डची फाइल पाठवू नये. पीडीएफ करून पाठवावी, म्हणजे फॉन्ट तिच्यातच राहतो. कोरलमध्ये काम केले असेल तर सर्व मजकूर निवडून `Ctrl+Q` ने त्याची वळणे करावीत आणि ती प्रत वेगळ्या नावाने साठवावी, कारण वळणे केलेल्या मजकुरात नंतर दर बदलता येत नाही. ही दुसरी सूचना मी स्वतः एकदा विसरलो आणि चाळीस ओळी पुन्हा टंकल्या.

छापण्याआधी कच्ची प्रत मागून घ्यावी आणि ती वरून खाली वाचण्याऐवजी फक्त दरांचा स्तंभ खालून वर वाचावा. शब्द वाचताना डोळे आकडे गिळतात.

१०. दोन बाय तीन फुटांच्या पाटीवर किती ओळी बसतील? अक्षर किती मोठे ठेवावे?

पाटीच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो: दहा फुटांवरून सहज वाचायला अक्षर एक इंच उंच हवे. वाचणारा सहा फुटांवर बाकावर बसलेला असेल तर सुमारे सहा दशांश इंच. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजावी. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा वेगळी लागते, त्यामुळे एका ओळीला अक्षराच्या दुपटीहून थोडी अधिक उंची द्यावी लागते.

प्रश्न २ मधील पार्लरच्या पाटीचा हिशेब असा झाला. पाटीची उंची ३६ इंच. दुकानाचे नाव, तळाची टीप आणि कडा यांत ९ इंच गेले, उरले २७. एकतीस ओळी आणि पाच शीर्षके, शीर्षकाला दीड ओळीची जागा धरली तर सुमारे साडेअडतीस ओळींची उंची लागते. एका ओळीला सात दशांश इंच, म्हणजे अक्षर जेमतेम तीन दशांश इंच. ते तीन फुटांवरूनच वाचता आले असते आणि बाकावरच्या बाईंना उठून पाटीजवळ जावे लागले असते.

तोच मजकूर शेजारी-शेजारी दोन स्तंभांत लावला तेव्हा प्रत्येक स्तंभात सुमारे एकोणीस ओळी आल्या, ओळीला १.४ इंच मिळाले आणि अक्षर सहा दशांश इंचांचे झाले. स्तंभ अरुंद झाल्यामुळे नाव आणि दर यांतील अंतरही कमी झाले. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि हात-पाय डावीकडे, केस आणि चेहरा उजवीकडे. गट मध्येच तोडून दुसऱ्या स्तंभात नेऊ नये. त्यासाठी एखाद्या स्तंभाखाली दोन ओळींची जागा मोकळी राहिली तरी चालेल. नावे मात्र आखूड करावी लागतात: "संपूर्ण दोन्ही हातांचे वॅक्सिंग" ऐवजी "पूर्ण हात", कारण गटाच्या शीर्षकात "वॅक्सिंग" आधीच आलेले असते.

११. माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गाडी उघडल्याशिवाय खर्च सांगता येत नाही, मग दरपत्रक कसे लावणार?

पूर्ण खर्चाचे लावता येणार नाही, पण मजुरीचे लावता येते आणि ग्राहकाला शंका असते ती मजुरीचीच. सुट्या भागाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ती कंपनी वेळोवेळी बदलते, आणि ती पाटीवर लिहिली तर महिन्याभरात खोटी ठरते. म्हणून स्तंभाच्या डोक्यावर "फक्त मजुरी" असे ठळक लिहावे आणि तळाशी "सुटे भाग पाकिटावरील किमतीनुसार" ही ओळ द्यावी.

| काम (फक्त मजुरी) | स्कूटर | १००–१२५ सीसी | १५०–२०० सीसी |
|---|---:|---:|---:|
| जनरल सर्व्हिसिंग | ४०० | ३५० | ४५० |
| इंजिन ऑइल बदलणे | ५० | ५० | ५० |
| चेन-स्प्रॉकेट बदलणे | — | १५० | २०० |
| क्लच प्लेट बदलणे | — | ३०० | ४०० |
| बेल्ट बदलणे | २५० | — | — |

गाड्यांची मॉडेले ओळीने लिहू नयेत. यादी संपणार नाही आणि नव्या मॉडेलचा मालक आपले नाव शोधत राहील. गाडीचा प्रकार आणि इंजिनाचा आकार यांवरून तीन स्तंभ पुरतात. स्कूटरला चेन नसते आणि मोटारसायकलला बेल्ट नसतो, अशा रकान्यात आडवी रेघ द्यावी. रकाना मोकळा सोडला तर दर लिहायचा राहिला असे वाटते, आणि शून्य लिहिले तर काम फुकट आहे असे.

गाडी उघडून पाहण्याचे पैसे घेत असाल तर ती ओळ सर्वांत वर असावी: "तपासणी १०० (काम करून घेतल्यास बिलातून वजा)". ग्राहकाला पहिल्यांदा लागणारा खर्च तो आहे. तळाशी लपवल्यास त्यावरूनच भांडण होते. मोबाइल, मिक्सर किंवा पंप दुरुस्त करणाऱ्यांनीही हीच मांडणी ठेवावी.

१२. पॅकेज कोठे आणि कसे लिहावे?

ज्या गटातील कामे पॅकेजमध्ये आहेत त्या गटाच्या शेवटी, आणि पाटीवर ज्या नावांनी ती कामे आली आहेत त्याच नावांनी. "अंडरआर्म्स + पूर्ण हात + पूर्ण पाय … ४००" असे लिहिले की वरच्या ओळींतील ५०, १५० आणि २५० यांची बेरीज ४५० होते आणि पन्नास वाचतात हे ग्राहक स्वतःच पाहतो. "सिल्व्हर पॅकेज" असे नाव देऊन आत काय आहे ते बारीक अक्षरांत लिहिणे टाळावे. अनेक गटांतील कामे एकत्र येणारी, विशेषतः नववधूची पॅकेजेस या पाटीवर घेऊच नयेत. त्यांचे वेगळे कार्ड करून ते हातात द्यावे.

१३. दर वाढवायचे आहेत. जुन्या आकड्यांवर स्टिकर लावले तर?

एक-दोन दरांपुरते ठीक आहे. पाच स्टिकर दिसले की ग्राहक खालचा जुना आकडा नखाने खरवडून पाहतो. वाढ वारंवार करावी लागत असेल तर फ्लेक्सऐवजी फ्रेममध्ये सरकवता येणारा कागद बरा.

सरसकट वाढ करण्यासाठी यादी एक्सेलमध्ये ठेवावी. आकडे इंग्रजी कळांनीच भरावेत, म्हणजे त्यांवर गणित करता येते; ते मराठीत दिसावेत यासाठी रकान्याच्या `Custom` स्वरूपात `[$-4000439]0` लिहावे. जुना दर `B2` मध्ये असेल तर दहा टक्के वाढवून जवळच्या दहाच्या पटीत आणणारे सूत्र असे:

```
=MROUND(B2*1.1,10)
```

सूत्राने आलेले आकडे तसेच छापू नयेत. ४० चे ४४ होऊन पुन्हा ४० वर येतात, म्हणजे आयब्रोला वाढ मिळतच नाही, तर ५० चे ५५ होऊन थेट ६० होतात. प्रश्न १२ मधील पॅकेज पाहा: ५०, १५० आणि २५० यांचे ६०, १७० आणि २८० झाले, बेरीज ५१०, पॅकेजचे ४०० मात्र ४४० झाले. पन्नासची सवलत न ठरवता सत्तरची झाली. लहान दर आणि पॅकेज हाताने बसवावेत, आणि मग प्रश्न ४ मधील चढत्या क्रमाची तपासणी पुन्हा करावी.

१४. घरी जाऊन काम करतो, रविवारी जादा घेतो. हे प्रत्येक ओळीत कसे दाखवायचे?

प्रत्येक ओळीत दाखवू नये. सर्व दरांना सारखीच लागू होणारी वाढ तळाशी एकदा लिहावी, आणि टक्क्यांऐवजी रुपयांत लिहावी: "घरी येऊन सेवा: एकूण बिलावर २०० जादा." खुर्चीत बसलेला माणूस टक्केवारी मनातल्या मनात काढत नाही. अशा टिपा तीनच्या पुढे जाऊ देऊ नयेत.

१५. दर जीएसटीसह लिहावेत की जीएसटी वेगळा?

तुमची नोंदणी नसेल तर प्रश्नच नाही: नोंदणी नसलेल्या दुकानदाराला जीएसटी वसूल करता येत नाही, म्हणून पाटीवर "कर जादा" असे लिहू नये. कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही. नियमित नोंदणी असेल तर करासह एकच आकडा लिहावा आणि तळाशी "सर्व दर करासह" म्हणावे; फोड बिलात येते. सलून आणि पार्लरच्या सेवांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मात्र त्यात खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. ज्यांच्या जुन्या पाटीवर "१८% जीएसटी जादा" अजून आहे, त्यांनी ती ओळ आधी बदलावी. तुमचा हिशेब ठेवणाऱ्याला एकदा विचारून मगच अंतिम आकडा छापायला द्यावा.

१६. दुकानात संघटनेचे छापील दरपत्रक आहे. त्यात नसलेल्या सेवा पेनाने खाली लिहिल्या आहेत. हे बरोबर आहे का?

नाभिक समाजाच्या स्थानिक संघटना काढतात त्या कार्डावर कटिंग, दाढी, लहान मुलांचे कटिंग अशी नेहमीची कामे असतात. स्पा, फेशियल किंवा हेअर कलर अनेकदा नसतात. पेनाने लिहिलेली ओळ छापील ओळींच्या रांगेत बसत नाही, शाई उडते, आणि तो दर संघटनेचा की तुमचा हे कळत नाही. त्या कार्डाला हात न लावता त्याच रुंदीचे दुसरे कार्ड करून खाली लावावे आणि त्यावर "या दुकानातील इतर सेवा" असे शीर्षक द्यावे. "इतर" हे नाव प्रश्न २ मध्ये नको म्हटले होते. येथे चालते, कारण वरचे कार्ड आधीच वाचून झालेले असते. दराचा स्तंभ वरच्या कार्डावरील स्तंभाच्या बरोबर खाली यावा यासाठी डाव्या कडेपासून शेवटच्या अंकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे, त्यातून तुमच्या फाइलमधील डावा समास वजा करावा आणि उरेल तेवढ्यावरच प्रश्न ६ मधील उजवा टॅब लावावा.